‘टीका चालेल, थट्टा नको’ हे मान्य करावं का?

निळी शाई (मूळ पोस्ट): नीतिशास्त्राच्या निबंधात मी मांडलंय की धर्मावर टीका जरूर व्हावी, पण थट्टा नको. टीका तर्काने खोडता येते, थट्टेला उत्तरच नसतं. श्रद्धाळू माणूस दुखावला की विनोदाने तिथे थांबावं. यात चूक काय?

काठावरचा: चूक अशी की मग मर्यादा सगळ्यात आधी चिडणाऱ्याच्या हातात जाते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहराचं प्रकरण वाचा. १९८५ मध्ये तिथल्या एका संस्थेने आपल्या चित्रपटगृहात एका चित्रपटाचे ६ खेळ लावले होते. १७ वर्षांखालच्यांना प्रवेश नव्हता आणि आत काय दाखवणार ते पत्रकात आधीच छापलं होतं. रस्त्याने जाणाऱ्याला काहीच दिसणार नव्हतं. तरी कॅथलिक धर्मप्रांताने तक्रार केली आणि पहिल्या खेळाआधीच चित्रपट जप्त झाला. १९९४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्या जप्तीत वावगं काही नाही म्हटलं. लोकांनी चित्रपट पाहिलासुद्धा नव्हता, तो दाखवला जाणार एवढं कळणं पुरेसं ठरलं!

आणि थट्टेला उत्तर नसतं हे तर साफ चूक. तो चित्रपट ऑस्कर पानिझा यांच्या १८९४ च्या नाटकावर बेतलेला. पानिझा शिकलेले डॉक्टर. उपदंश हा लैंगिक संबंधातून होणारा रोग म्हणजे पापाची ईश्वरी शिक्षा, असं शतकानुशतकं सांगितलं गेलं होतं. पानिझा म्हणतात, ठीक आहे, मग ती ठरली कशी ते बघू. १४९५ साल, खाली पोपच्या दरबारात चैन चाललीय, वर थकलेला देव शिक्षेची योजना चक्क सैतानाकडून मागवतो. हा युक्तिवादच आहे. खोडायचा असेल तर रोग ही शिक्षा नव्हे म्हणा, किंवा निरपराध बाळांना तो का होतो ते सांगा. पानिझांना उत्तर मिळालं ते वर्षभराच्या तुरुंगवासाचं.

मृद्गंध: चित्रपटगृहाचं ठीक आहे हो, तिकीट नाही काढलं की झालं. माझ्या कचेरीतल्या ग्रुपवर साहेब रोज आमच्या धर्मावर विनोद टाकायचे. खाली सगळ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ग्रुप सोडायची सोय नाही, कामाच्या पाळ्या तिथेच कळायच्या. एकदा बोलले तर ऐकवलं, “तुला विनोद कळत नाही.” दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन जास्त आले. यात कुठला युक्तिवाद होता?

रोखठोक: मूळ दुखणं वेगळंच आहे. हे विनोदवाले एकाच धर्माच्या मागे लागतात. दुसऱ्याचं नाव घ्यायची छाती नाही, कारण २०१५ मध्ये पॅरिसमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

काठावरचा: ज्या ‘शार्ली एब्दो’ साप्ताहिकावर पैगंबरांच्या व्यंगचित्रांवरून तो हल्ला झाला, त्याने पोप आणि चर्चचीही अनेकदा टर उडवलीय. १२ माणसं मेली तिथे. ती तुमच्या हिशेबासाठी वापरू नका.

रोखठोक: हिशेब नाही, न्याय मागतोय. भीतीने एकाला सोडायचं आणि गरीब गाय म्हणून दुसऱ्याला झोडायचं, याला धाडस म्हणू नका.

मृद्गंध: भीतीने गप्प बसणाऱ्यालाच दोष? धमकी देणाऱ्याला काहीच नाही? आणि सगळ्यांना सारखं झोडलं असतं तर माझ्यासोबत झालं ते योग्य ठरलं असतं का?

रोखठोक: ते मी म्हटलेलं नाही. तोंडी शब्द घालू नका.

जुनाजाणता: दोघंही जरा दमाने घ्या. मृद्गंध यांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि त्यालाच बगल दिली जातेय. तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९८५ मध्येच हे तोलून दाखवलंय. एका पारड्यात दुखापत किती खोल, किती काळ टिकणारी आणि सहज टाळता येण्यासारखी होती का. दुसऱ्यात त्या बोलण्याचं मोल, दुसऱ्या मार्गाने ते सांगता आलं असतं का आणि मागे निव्वळ आकस होता का. इन्सब्रुकमध्ये टाळणं सोपं होतं आणि मजकुरात विचार होता. कचेरीत टाळणं अशक्य आणि हेतू डिवचण्याचा. एकाच कलमाने दोन्ही बसवायला गेलात की एकावर अन्याय होणारच. माझ्या मते साहेबांचा गुन्हा धर्मनिंदेचा नाहीच, हाताखालच्या माणसाला छळण्याचा आहे.

निळी शाई: टाळता येणं हा मुद्दा घेते, निबंधात तेवढी दुरुस्ती करेन. पण न पाहताही दुखतं, त्याचं काय? माझ्या आईची कोणी बंद खोलीत टिंगल केली आणि मला कळलं, तर ते दुखणं खोटं?

काठावरचा: खोटं नाही. पण त्या खोलीला कुलूप लावायचा हक्क त्यातून मिळत नाही.

मृद्गंध: आणि आता खोल्या बंद राहतात कुठे? त्या चित्रपटाचा दहा सेकंदांचा तुकडा संदर्भ कापून माझ्या फोनवर आला असता, आणि तोही साहेबांकडूनच. मग पारड्यात काय टाकणार, जुनाजाणता?

जुनाजाणता: तिथे दोष तुकडा पाठवणाऱ्याचा, चित्रपट करणाऱ्याचा नाही. पाठवणारा सापडलाच नाही तर काय, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.