मदत हवी आहे: मराठी-इंग्रजी मिसळलेल्या मुलाखती हिंदीत नेताना इंग्रजी शब्दांचं काय करावं?

चिंचबन

नमस्कार मंडळी. एका संस्थेसाठी सातारा-सांगलीकडच्या बायकांच्या मुलाखती हिंदीत करतेय. विषय बाळंतपणाचे अनुभव. पुस्तिका मध्य प्रदेशातल्या आशाताई आणि नर्सबाईंना वाचायला जाणार आहे. बायका बोलतात ते मराठीच, पण दर वाक्यात एखादा तरी इंग्रजी शब्द असतोच. एक तुकडा देते, बोलणाऱ्या बाई दहावी शिकलेल्या आहेत, शेती करतात:

> मिस्टर बाहेरगावी होते. सोनोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल आलेला, पण नवव्या महिन्यात बीपी हाय झाला. सिस्टर म्हणाल्या, ॲडमिट करा. सासूबाईंचं एकच, नॉर्मलच होऊ दे, सिझर नको. डॉक्टर आले, फाईल बघितली नि म्हणाले, 'वी कान्ट टेक रिस्क.' मला काय कळंना. मग सिझर झालं.

संपादकांचं म्हणणं, वाचणाऱ्या बायका साध्या आहेत, सगळं सोप्या हिंदीत करा, इंग्रजी नको. तसं केलं की या बाई आकाशवाणीवर बातम्या देतायत असं वाटतं. सगळं इंग्रजी ठेवलं की उगाच शहरी, शिकलेल्या वाटतात. कुठला शब्द ठेवायचा नि कुठला बदलायचा, हे तुम्ही कशावरून ठरवता?

टॅक्सीस्टँड

मी वेबमालिकांची हिंदी सबटायटल्स करतो. एवढा विचार करू नका हो. इंग्रजी शब्द जसेच्या तसे ठेवा. हिंदीवालेसुद्धा टेन्शन, बीपी, रिपोर्ट हेच बोलतात. आमच्याकडे 'जास्त शायनिंग मारू नको'चं 'ज़्यादा शाइनिंग मत मार' होतं, कुणाची तक्रार नाही.

आप्पा_कऱ्हाडकर

मूळ रोग वेगळाच आहे. आपल्याकडे प्रसूती, शस्त्रक्रिया, परिचारिका, रक्तदाब असे सुंदर शब्द असताना हे सिझर-बीपी कशाला? दिनांक आणि महापौर रुळले ना? आधी मूळ मराठी शुद्ध करून घ्या, मग हिंदी आपोआप शुद्ध होईल.

चिंचबन

आप्पा, ते शब्द मी माझ्या लेखात वापरेन. पण हे त्या बाईंचं बोलणं आहे. 'परिचारिका म्हणाल्या' असं त्यांच्या तोंडी घातलं तर ती मुलाखत त्यांची राहणारच नाही.

दगडीपार

मुलाखतींची भाषांतरं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'शब्द इंग्रजी आहे का' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा की या बाईंना इथे दुसरा कुठला शब्द सहज सुचला असता का. सोनोग्राफीला दुसरा शब्दच नाही. ॲडमिटला 'दाखल' आहे, पण तो बातमीतला. गावात 'ॲडमिट केलं' हेच साधं बोलणं. म्हणजे या शब्दांच्या इंग्रजीपणाला काही वजन नाही, तिथे बाई साधं मराठीच बोलतायत. मग हिंदीतही अशाच बाईच्या तोंडचा साधा शब्द शोधायचा, तो इंग्रजी असो वा नसो. ॲडमिटसाठी हिंदीत 'भर्ती' अगदी घरगुती आहे. मराठीत जिथे इंग्रजी आहे तिथेच हिंदीत इंग्रजी यावं, असा हिशोब ठेवायचा नाही.

टॅक्सीस्टँड यांचं म्हणणं मुंबईतल्या कॉलेजच्या पोरांपुरतं बरोबर आहे. पण तसेच ठेवलेले शब्दही हिंदीत गेले की लिंग बदलतात. मराठीत रिपोर्ट आला, हिंदीत रिपोर्ट आई. मराठी कानाने 'रिपोर्ट आया' लिहून जाल नि पहिल्याच वाक्यात पकडले जाल.

आता तुमच्या तुकड्यातले दोन 'नॉर्मल' बघा. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे ठीक. सासूबाईंचं नॉर्मल म्हणजे बाळंतपणाचा प्रकार. पहिल्याला 'ठीक' चालेल. दुसरा 'नॉर्मल'च ठेवा, कारण तो हिंदीतही त्याच अर्थाने चालतो. संपादकांच्या नियमाने दोन्हीकडे 'सामान्य' आलं असतं. 'सामान्य ही होने दो' असं कुठली सासू म्हणेल?

इंदुरी_शेव

मी इंदूरची, घरी मराठी नि बाहेर हिंदी. सिझरला आमच्याकडच्या बायका 'बड़ा ऑपरेशन' म्हणतात. 'बड़े ऑपरेशन से बच्चा हुआ' हे अगदी रोजचं. पण यातला 'बड़ा' कुठेही गाळू नका. बायकांच्या बोलण्यात नुसतं 'ऑपरेशन करा लिया' म्हणजे बहुतेक वेळा नसबंदी! आरोग्याच्या पुस्तिकेत असा घोटाळा झाला तर महागात पडेल.

सोनोग्राफी आमच्याकडे चालते. उत्तर प्रदेशात गेलात की अल्ट्रासाउंड. आणि गंमत म्हणजे आम्ही इंदूरचे मराठी लोक मराठीतही 'भरती केलं' म्हणतो, पुण्याचे पाहुणे हसतात.

चिंचबन

नसबंदीचं लक्षातच आलं नसतं. खरं म्हणजे मराठीतही 'दोन मुलांवर ऑपरेशन केलं' म्हणतातच की.

दगडीपार, डॉक्टरांच्या वाक्याचं सांगा ना. संपादकांनी 'हम जोखिम नहीं उठा सकते' असं करून पाठवलंय.

दगडीपार

सगळा तुकडा त्या एका वाक्यावर उभा आहे आणि संपादकांनी नेमकं तेच मोडलं. पुढचं वाक्य वाचा: 'मला काय कळंना.' डॉक्टर सोप्या हिंदीत बोलले तर न कळायला काय झालं? बाई एकतर घाबरलेल्या वाटतात, नाहीतर बावळट. मुळात त्यांना न कळणाऱ्या भाषेत त्यांच्याच पोटाबद्दल निर्णय झाला, हे त्या सांगतायत. नर्सबाईंनी वाचायचं ते हेच. इथे इंग्रजी ठेवायलाच हवं, देवनागरीत, अवतरणात: 'वी कांट टेक रिस्क।'

अख्खं वाक्य इंग्रजीत येतं तेव्हा ते कुणाचं आहे ते बघायचं. बऱ्याचदा ते बोलणाऱ्याचं नसतंच, साहेबाचं, डॉक्टरचं, बँकवाल्याचं उसनं घेतलेलं असतं. एकेक शब्दाचं मिसळणं वेगळं नि अशी उडी वेगळी.

यावर एक पडताळा करता येतो. तयार हिंदी तुकडा मूळ न वाचलेल्या हिंदीभाषक बाईंना वाचून दाखवा आणि दोनच गोष्टी विचारा: ही बाई किती शिकलेली वाटते, आणि डॉक्टर बोलले तेव्हा काय झालं? पहिल्याचं उत्तर 'बीए झालेली' आलं तर इंग्रजी किंवा संस्कृत जास्त झालंय. दुसऱ्याचं 'डॉक्टरांनी समजावून सांगितलं' असं आलं तर डॉक्टरांचं वाक्य फसलंय. त्यांनी आपल्या शब्दांत गोष्ट परत सांगितली तर आणखी बरं, आपण कुठे पुस्तकी झालो ते तिथेच ऐकू येतं.

टॅक्सीस्टँड

रिपोर्ट आई मान्य. पण वाचणारीलाच इंग्रजी कळलं नाही तर? पुस्तिका तिच्यासाठी आहे ना? मी तर कंसात अर्थ देईन.

दगडीपार

कंस बाईंच्या बोलण्याच्या मध्येच येतो, म्हणजे न कळण्याच्या क्षणीच वाचकाला कळतं. मी पानाच्या तळाशी टीप देईन. 'रिस्क' शब्द तसाही बहुतेकींना माहीत असेल.

इंदुरी_शेव

तळटीप कोण वाचतं हो? आशाताई दोन घरभेटींच्या मध्ये पुस्तिका उघडणार. माझं मत कंसाला. किंवा मुलाखतीत पुढे कुठे बाईंनी स्वतःच अर्थ सांगितलाय का बघा.

चिंचबन

सांगितलाय! दोन पानांनी पुढे त्या म्हणतात, 'नंतर सिस्टरनी सांगितलं, बाळाला धोका होता म्हणून.' म्हणजे अर्थ येतोच, फक्त उशिरा. त्यांनाही तो उशिराच कळला. ते वाक्य पुस्तिकेतून गाळायचं चाललं होतं, ते आता ठेवायला सांगते.

इथवर असं झालंय:

> मेरे पति बाहर गए हुए थे। सोनोग्राफी की रिपोर्ट तो ठीक आई थी, पर नौवें महीने में बीपी बढ़ गया। सिस्टर ने कहा, भर्ती करा दीजिए। सासू माँ की एक ही रट, नॉर्मल ही होने दो, बड़ा ऑपरेशन नहीं। डॉक्टर आए, फाइल देखी और बोले, 'वी कांट टेक रिस्क।' मुझे कुछ समझ में नहीं आया। फिर बड़ा ऑपरेशन हुआ।

'मिस्टर'वर समाधान नाही. 'पति' फार सपाट वाटतं.

दगडीपार

चांगलं उतरलंय. 'कळंना'मधला सातारी ठसका गेला, तो जाणारच. त्याच्या जागी बुंदेली किंवा माळवी घालायच्या मोहात पडू नका, बाई तिकडच्या होऊन बसतील.

मिस्टरचं अवघड आहे. नाव घ्यायचं नाही, 'नवरा' म्हणणं उघडंवाघडं वाटतं, 'आमचे हे' जुनं वाटतं, तिथे बायका मिस्टर म्हणतात. त्यात इंग्रजीचा तोरा नाही, अदब आहे. पूर्ण मुलाखतीत त्या कुठे 'नवरा' म्हणतात का?

चिंचबन

एकदाच. 'ऐन वेळी नसला तर नवरा असून उपयोग काय?'

दगडीपार

मग हा फरक हिंदीत दिसलाच पाहिजे. मिस्टरला 'मेरे पति' आणि क्रियापद आदरार्थी, ते तुम्ही केलंच आहे. त्या एका जागी 'आदमी' घाला, एकवचनी: 'वक़्त पर न हो तो आदमी किस काम का?' दोन्हीकडे 'पति' आलं तर त्यांचा राग पुसला जाईल.

इंदुरी_शेव

'आदमी' छान. पण 'मेरे पति'ऐवजी आमच्याकडे शेतकरी घरातली बाई 'इनके पापा' नाहीतर नुसतं 'ये' म्हणेल. 'मिस्टर' म्हणणाऱ्याही ऐकल्यात मी, पण त्या शिक्षिका वगैरे.

दगडीपार

'इनके पापा' इथे जमणार नाही, मूल अजून व्हायचंय. 'ये' बोलताना कळतं, कागदावर 'ये' म्हणजे कोण ते पहिल्याच वाक्यात कळणार नाही.

आप्पा_कऱ्हाडकर

आमच्या वेळी 'मालक' म्हणत. तोही शब्द फारसा चांगला नव्हता म्हणा. पण डॉक्टरचं वाक्य इंग्रजीत ठेवायचं हे मात्र पटलं.

चिंचबन

सध्या 'मेरे पति' ठेवते. पुढच्या आठवड्यात संस्थेची भोपाळची एक नर्सबाई पुण्यात येतेय, तिला हा तुकडा नि आणखी दोन वाचून दाखवते. एका मुलाखतीत 'सासरे एक्स्पायर झाले' असं आहे. तिथे 'गुज़र गए' घालू की 'एक्सपायर' ठेवू? बाई घरच्याच माणसाबद्दल बोलतायत, पण प्रसंग दवाखान्यातला आहे.

इंदुरी_शेव

हिंदीत दोन्ही ऐकू येतं. हे वाक्य डॉक्टरांनी सांगितलं तसं त्या सांगतायत की स्वतःचं? मागचं-पुढचं एकेक वाक्य टाका.