मदत हवी आहे : एम.कॉम.च्या इंटर्नशिप अहवालातील प्रकरणे, पृष्ठसंख्या आणि प्रमाणपत्रांची पाने

सासष्टीची_विद्यार्थिनी

नमस्कार. मी गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या मडगावच्या एका महाविद्यालयात एम.कॉम.च्या शेवटच्या सत्रात आहे आणि प्रबंधाऐवजी मी इंटर्नशिपचा पर्याय घेतला आहे. एका सीएंच्या कार्यालयात माझे काम चालू असून ते या महिन्याच्या अखेरीस संपेल. तिथे माझ्याकडे मुख्यतः एकच काम आहे : एका घाऊक व्यापाऱ्याची २०२४-२५ या आर्थिक वर्षाची खरेदी नोंदवही आणि जीएसटी पोर्टलवरचे जीएसटीआर-२बी यांचा महिनावार ताळमेळ घालणे आणि जी बिले जुळत नाहीत त्यांची कारणे शोधणे.

आम्हाला मिळालेला नमुना प्रबंध आणि इंटर्नशिप अहवाल या दोहोंसाठी एकच आहे. त्यात प्रस्तावना, संदर्भसाहित्याचा आढावा, कार्यपद्धती, विश्लेषण आणि निष्कर्ष अशी प्रकरणे दिली आहेत. मी प्रश्नावली वाटलेली नाही आणि माझे कोणतेही गृहीतक नाही, त्यामुळे माझे काम या साच्यात कसे बसवावे हे समजत नाही. अहवाल किती पानांचा असावा, याविषयी गाईड मॅडम आणि आमच्या सीनियर ताई वेगवेगळे सांगतात. शिवाय सुरुवातीला सह्यांची नेमकी किती पाने लागतात, आणि सीए सरांची सही कोणत्या पानावर घ्यायची व गाईड मॅडमची कोणत्या, हेही कोणी जाणकाराने स्पष्ट केले तर मोठे साहाय्य होईल.

डिचोलीकर

ताई, आमच्या बी.कॉम.च्या इंटर्नशिपला चार क्रेडिट होते, म्हणजे १२० तास, आणि अहवाल पंचवीस पानांच्या आतला चालला. आम्ही रोजचे काम लॉगबुकमध्ये लिहून त्यावर दर आठवड्याला पर्यवेक्षकांची सही घेत होतो आणि तोंडी परीक्षेत अहवालापेक्षा त्या वहीवरच अधिक प्रश्न आले. आपणही लॉगबुकच नीट ठेवावे, प्रकरणांची एवढी चिंता करू नये.

तिसवाडी_वाणिज्य

डिचोलीकर यांनी सांगितलेले पदवीच्या इंटर्नशिपला लागू पडते. विद्यार्थिनीचे काम पदव्युत्तर शेवटच्या सत्रातले आहे आणि ते प्रबंधाच्या बरोबरीने, म्हणजे १६ क्रेडिटचे धरले जाते, त्यामुळे तिथे अपेक्षा वेगळ्या असतात. मी वाणिज्य शाखेत शिकवतो आणि असे अहवाल दरवर्षी तपासतो. आधी सह्यांच्या पानांविषयी लिहितो, कारण अहवाल परत जातात ते बहुतेक वेळा याच पानांमुळे.

मुखपृष्ठानंतर तीन वेगवेगळी पाने येतात आणि प्रत्येकावर बोलणारी व्यक्ती वेगळी असते. पहिले आपले स्वतःचे घोषणापत्र. हे काम माझे आहे, अमुक मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली केले आहे आणि इतरत्र पदवीसाठी सादर केलेले नाही, असे त्यात आपण लिहून देता. दुसरे मार्गदर्शक शिक्षकांचे पूर्तता प्रमाणपत्र, ज्यावर त्यांची सही, विभागप्रमुखांची सही आणि विभागाचा शिक्का असतो. ताळगावला विद्यापीठातच शिकणाऱ्यांना तिथे संकुलाच्या अधिष्ठात्यांची सही लागते. संलग्न महाविद्यालयात काही ठिकाणी प्राचार्यांचीही सही मागतात, म्हणून ते कार्यालयात विचारून घ्यावे. या पानावर सीए सरांची सही घेऊ नये. आपण कामाला वेळेवर येत होता हे ते सांगू शकतात, परंतु अहवाल पदवीच्या अटींची अंशतः पूर्तता करतो, हे म्हणण्याचा अधिकार शिक्षकांचाच आहे.

तिसरे पान संस्थेचे प्रमाणपत्र. ते सीए सरांच्या लेटरहेडवर असावे. आपले नाव गुणपत्रिकेवर आहे तसेच, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, कामाचे स्वरूप काय होते, आणि खाली सही, नाव, सदस्यत्व क्रमांक व शिक्का एवढे त्यात पुरे. पुष्कळ विद्यार्थी या जागी रुजू होतानाचे पत्र लावतात. त्या पत्रावरून काम सुरू झाल्याचे कळते, पूर्ण झाल्याचे कळत नाही. काही जण शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधीच प्रमाणपत्र आणतात, मग त्यावरची तारीख इंटर्नशिप संपण्यापूर्वीची पडते आणि परीक्षकाला ते परत पाठवावे लागते.

आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. अहवालाचे शीर्षक मुखपृष्ठावर, घोषणापत्रात आणि मार्गदर्शकांच्या प्रमाणपत्रात अक्षरशः एकच हवे. शेवटच्या आठवड्यात मार्गदर्शक शीर्षकात एखादा शब्द सुधारतात, मुखपृष्ठ बदलले जाते आणि प्रमाणपत्र जुन्याच शीर्षकाने छापले जाते. पी. आर. क्रमांक आणि एबीसी आयडी हेही त्याच वेळी ताडून पाहावेत.

वास्कोतला_लेखापाल

सरांनी सांगितले ते योग्यच आहे, पण दोन गोष्टी राहिल्या. सीएंनी दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन क्रमांक बंधनकारक आहे, त्याशिवाय ते ग्राह्य धरले जात नाही. दुसरे असे की, पदव्युत्तर अहवाल ऐंशी पानांपेक्षा कमी असेल तर काम कमी केले असे दिसते. सीए फर्मचा इतिहास, जीएसटीचा इतिहास आणि सर्व दर यांवर पहिली तीस पाने सहज भरतात. मी स्वतः तसेच केले होते आणि मला चांगले गुण मिळाले.

तिसवाडी_वाणिज्य

यूडीआयएनचा नियम आहे हे खरे. १ फेब्रुवारी २०१९ पासून सीएंच्या प्रमाणपत्रांना तो लागू झाला, परंतु त्याचा रोख आर्थिक माहिती प्रमाणित करणाऱ्या कागदांवर आहे, जसे की निव्वळ मालमत्तेचे किंवा उलाढालीचे प्रमाणपत्र. आपल्या कार्यालयात कोणी इतके दिवस काम केले, हे सांगणारे पत्र त्या प्रकारात मोडत नाही. सीए सरांनी क्रमांक दिला तर हरकत नाही, पण त्यासाठी अडून राहू नये.

पृष्ठसंख्येच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे असहमत आहे. जीएसटीचा इतिहास आणि दर हा मजकूर शेकडो अहवालांत शब्दशः सापडतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे, आणि कायद्याची कलमे व सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळता येते. परंतु फर्मच्या संकेतस्थळावरून उचललेले चार परिच्छेद वगळले जात नाहीत. ती तीस पानेच साम्याचा आकडा वर नेतात आणि शेवटच्या क्षणी मुख्य मजकुराला कात्री लावण्याची वेळ येते.

आता विद्यार्थिनीचेच काम घेऊन पाहू. प्रस्तावनेत ताळमेळ का घालावा लागतो हे सहा-सात पानांत यावे. पुरवठादाराने बिल दाखवले नाही आणि ते जीएसटीआर-२बी मध्ये उतरले नाही, तर खरेदीदाराला त्या बिलावरचे क्रेडिट घेता येत नाही. हा प्रश्न मांडला की उद्दिष्टे आपोआप ठरतात. गृहीतक नसेल तर 'या अभ्यासात गृहीतक तपासलेले नाही' असे एका वाक्यात स्पष्ट लिहावे, ओढूनताणून ते निर्माण करू नये. साहित्याच्या आढाव्यात कलम १६ च्या संबंधित तरतुदी आणि याच विषयावरचे आठ-दहा लेख पुरेत. संस्थेचा परिचय कार्यपद्धतीच्या प्रकरणात दोन पानांत संपवावा आणि नोंदवही कुठून काढली, कोणत्या रकान्यांवर जुळवणी केली, रकमेत किती फरक चालवून घेतला हे तिथे लिहावे.

खरा भर चौथ्या प्रकरणावर, म्हणजे विश्लेषणावर हवा. न जुळलेली बिले कारणांनुसार वेगळी करावीत. काही बिलांत पुरवठादाराने विवरण उशिरा भरलेले असेल, काहींत जीएसटीआयएन चुकला असेल, काहींत बिल क्रमांकातली तिरकी रेघ टॅलीत गाळलेली असेल. गोव्यातल्या घाऊक व्यापाऱ्याच्या बाबतीत आणखी एक कारण हमखास सापडते. छोटे पुरवठादार तिमाही विवरण भरतात. त्यांनी मधल्या महिन्यांत आयएफएफ भरले नाही तर जुलैचे बिल थेट सप्टेंबरच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे १४ ऑक्टोबरला दिसते. महिनावार ताळमेळात ते दोन महिने 'न जुळलेले' राहते, पण त्यात कोणाचीही चूक नसते. हे एक निरीक्षण बारा महिन्यांच्या तक्त्यासह नीट मांडले तर त्याला वीस पाने लागतात आणि परीक्षकही ती वाचतो. निष्कर्ष, सूचना आणि मर्यादा यांसाठी पाच-सहा पाने धरली तर एकूण मजकूर पन्नासच्या आसपास जातो. आठवडावार कामाची नोंद आणि कोरा तक्ता परिशिष्टात जातील, ती पाने यात मोजू नयेत.

सासष्टीची_विद्यार्थिनी

सर, मनापासून आभार. तिमाही विवरणाची बिले मी चुकांच्या यादीतच धरत होते, ती आता वेगळी काढते. एक नवीन अडचण मात्र पुढे आली आहे. घोषणापत्राच्या नमुन्यात शेवटी असे वाक्य आहे की, अहवाल विद्यापीठाच्या भांडारात किंवा यूजीसीच्या नियमांनुसार इतरत्र अपलोड करण्यास मी अनुमती देत आहे. सीए सरांनी ते वाचले आणि व्यापाऱ्याचे आकडे अशा प्रकारे सार्वजनिक होणार असतील तर आपण प्रमाणपत्र देऊ शकत नाही, असे सांगितले. नाव बदलून 'ग्राहक क' असे लिहिले तर चालेल का?

तिसवाडी_वाणिज्य

सीए सरांचा आक्षेप रास्त आहे. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार, कामाच्या ओघात मिळालेली ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीविना उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. केवळ नाव बदलून भागत नाही. पुरवठादारांचे जीएसटीआयएन, बिल क्रमांक आणि मालाचा प्रकार तसेच राहिले तर मडगावच्या बाजारातला माणूस व्यापारी सहज ओळखेल. जीएसटीआयएन पूर्ण काढावेत, रकमांऐवजी टक्केवारी किंवा निर्देशांक द्यावा आणि पोर्टलचे स्क्रीनशॉट अजिबात लावू नयेत. असा मसुदा सीए सरांना दाखवून व्यापाऱ्याची लेखी संमती घेता आली तर उत्तम. संमती मिळूनही भांडारातून परिशिष्ट वगळण्याची मुभा मिळते का, याचे उत्तर आपला विभागच देऊ शकेल. घोषणापत्रातले ते वाक्य मात्र स्वतःहून खोडू नये.

फोंड्याचे_बाइंडिंग

माझे टंकलेखन आणि बाइंडिंगचे दुकान आहे, म्हणून एवढेच सांगतो. संस्थेचे प्रमाणपत्र लेटरहेडच्या अगदी डाव्या कडेपासून छापलेले असते आणि शिक्काही पुष्कळदा डावीकडेच मारतात. शिवण घातली की शिक्क्याचा अर्धा भाग आत जातो आणि तारीख वाचता येत नाही. सीए सरांना डावीकडे दीड इंच जागा सोडून मजकूर छापायला आणि शिक्का उजवीकडे मारायला सांगावे. जितक्या प्रती बांधायच्या तितक्या मूळ सह्या आधीच घ्याव्यात, कारण एकदा जाड पुठ्ठा बसला की मधले पान बदलता येत नाही, सगळे उसवावे लागते.

वास्कोतला_लेखापाल

यूडीआयएनबद्दल सरांचे म्हणणे मान्य आहे. पृष्ठसंख्येबद्दल मात्र माझे मत अजून तेच आहे. काही परीक्षक जाडी पाहतातच, हा माझा अनुभव आहे.

सासष्टीची_विद्यार्थिनी

गाईड मॅडमशी आज बोलले. पन्नास पाने त्यांना मान्य आहेत, परंतु गृहीतक नसल्याचे वाक्य प्रस्तावनेत न घालता कार्यपद्धतीत घालावे, असे त्या म्हणाल्या. व्यापाऱ्याच्या संमतीचे पत्र सीए सर सोमवारी पाठवणार आहेत. प्राचार्यांची सही लागते का, आणि परिशिष्ट वगळता येईल का, हे दोन्ही प्रश्न मी विभागाला लेखी दिले आहेत. उत्तर आले की इथेच कळवते.