खरिपासाठी कृषी सेवा केंद्रांना पाठवायचा मेल: अटी पटतात का?

खरीप_वाला: मी एका छोट्या कंपनीत विक्री पाहतो. सोयाबीनवर फवारायचा समुद्री शेवाळ अर्क विकतो. दुकानदारांना हा मेल पाठवतोय. काय खटकतं ते स्पष्ट सांगा.

"स.न.वि.वि. खरीप हंगामासाठी आमच्या शेवाळ अर्काच्या 500 मिलीच्या किमान 10 पेट्या (सुमारे 60,000 रुपये) आपण ठेवाव्यात ही विनंती. 25 मेपासून बिलिंग. 30 दिवसांत पैसे भरल्यास 6 टक्के सूट, अन्यथा 90 दिवस उधारी. न विकलेला सीलबंद माल 30 सप्टेंबरपर्यंत परत. एक लाखाच्या खरेदीवर सोयाबीनचे दोन डेमो, औषध मोफत. शेतकरी मेळाव्याचा खर्च 5,000 रुपयांपर्यंत क्रेडिट नोटने."

काउंटर_लातूर: दुकानदार म्हणून सांगतो, सवलतीचं नंतर, आधी तारखा बघा. आमच्याकडे पेरणी जूनच्या मध्यापासून अखेरपर्यंत चालते. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलोरा, म्हणजे तुमची पहिली फवारणी जुलैअखेर. 25 मेचं बिल 23 ऑगस्टला देय होतं. शेतकरी बाटली नेतो ती उधारीवर, आणि पैसे देतो सोयाबीन विकल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे दोन-अडीच महिने तुमचे पैसे मी खिशातून भरायचे. मेलमध्ये 90 दिवस छान दिसतात, हंगामाशी त्यांचा मेळ नाही. एक तर बिल 15 जुलैला फाडा, नाहीतर मुदत 30 नोव्हेंबर लिहा.

दुसरं, मेलमध्ये उगम प्रमाणपत्राचा उल्लेखच नाही. शेवाळ अर्क 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आलाय. तुमची मंजुरी कोणत्या पिकांसाठी आहे, त्यात सोयाबीन आहे का, हे पहिल्याच परिच्छेदात हवं. माझ्या परवान्यात तुमचं प्रमाणपत्र चढल्याशिवाय मी पेटी फोडणार नाही. निरीक्षक आला तर विक्री बंदचा आदेश दुकानावर लागतो, कंपनीवर नाही.

रोखठोक_वाशीम: काउंटर भाऊ, तारखा पटल्या. पण सूट तुम्ही हिशोबात धरली नाही. 60 हजारांवर 6 टक्के म्हणजे 3,600 रुपये. माझ्या कॅश क्रेडिटला 12 टक्के व्याज आहे. 24 जूनला पैसे भरले आणि ऑक्टोबरअखेर वसूल झाले, तर चार महिन्यांचं व्याज साधारण 2,400. मग उधारी कशाला घ्यायची? मी तर रोखीनेच उचलीन.

काउंटर_लातूर: सगळ्या बाटल्या खपल्या तर. ऑगस्टात पावसाने ताण दिला आणि सहा पेट्या उरल्या तर? उधारीच्या मालात परतीचं वजन माझ्या बाजूला असतं, पैसे अजून माझ्याकडेच असतात. रोखीनं भरले की परतीची क्रेडिट नोट येणार, आणि ती वसूल करायला त्याच कंपनीचा माल पुन्हा उचलावा लागणार. तुमचे 1,200 रुपये तिथेच जातात.

ढगाळ: एक लाख घ्या तर डेमो देऊ, हे सरळ लिंकिंग आहे! कृषी विभागाने यावर बंदी घातलीय.

रोखठोक_वाशीम: लिंकिंग म्हणजे युरिया-डीएपीच्या मागे नको असलेला माल गळ्यात मारणं. इथे अनुदानाचं खत कुठे आहे? कायद्याची भीती घालू नका, वाईट अट म्हणा हवं तर.

ढगाळ: बरं, वाईट अट. पण क्रेडिट नोट तरी घेऊ नका, जीएसटीचा घोळ होतो.

काउंटर_लातूर: नुसत्या सवलतीची व्यापारी क्रेडिट नोट असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. मेळाव्याचा खर्च मात्र वेगळा. तो तुमच्या मालाच्या प्रचारासाठी मी करणार, म्हणजे मी तुम्हाला सेवा दिली असा अर्थ निघू शकतो. सोपा मार्ग आहे: मंडप आणि चहा-नाश्त्याचं बिल थेट कंपनीच्या नावे घ्या आणि पैसेही कंपनीनेच द्या.

बांधावरचा_माणूस: मागच्या वर्षी माझं सोयाबीनचं बियाणं निम्मंच उगवलं, दुकानदार म्हणतो पाऊस कमी होता. या मेलमध्ये त्याची भरपाई कुठे आहे?

रोखठोक_वाशीम: दादा, हा फवारणीच्या अर्काचा मेल आहे, बियाण्याचा नाही. यंदा तसं झालं तर पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या म्हणजे पंचनामा होतो. बिल, रिकामी पिशवी आणि तिचं लेबल टाकू नका.

वीस_गुंठे: सगळे पैशावर बोलताय, मी डेमोवर बोलतो. माझी सगळी नोकरी डेमो घेण्यातच झाली. बहुतेक डेमो रस्त्याकडेच्या, बागायतदाराच्या सगळ्यात चांगल्या शेतात होतात. सोबत बुरशीनाशक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यंही फवारतात, मग फलक लावतात. शेजारच्या शेतात वाण वेगळा, पेरणी वेगळ्या दिवशी. त्यातून अर्काचा परिणाम कळणार कसा?

एकाच शेतात एकाच दिवशी पेरलेलं एक एकर घ्या. त्याच्या चार पट्ट्या पाडा, एक आड एक दोन पट्ट्यांवर अर्क फवारा आणि उरलेल्या दोनवर त्याच दिवशी नुसतं पाणी. बाकी खत, कीटकनाशक सगळं सारखं. मळणी वेगळी, वजन शेतकऱ्यासमोर.

समजा फवारलेल्या वीस गुंठ्यांत 4 क्विंटल 60 किलो निघाले आणि न फवारलेल्या वीसमध्ये 4 क्विंटल 35. फरक 25 किलो. भाव 4,500 धरला तर 1,125 रुपये. दोन फवारण्यांना एक बाटली, छापील किंमत 450. अर्क कीटकनाशकाच्याच पंपात गेला तर मजुरी वेगळी नाही, 675 रुपये हातात. पण हा फरक सहा टक्क्यांच्या आत आहे, आणि जमीन एका कडेला खोल असली तर एवढा फरक न फवारताही पडतो. म्हणून पट्ट्या एक आड एक पाडायच्या, आणि एकाच शेतावरून बोलायचं नाही. तालुक्यात पाच-सहा ठिकाणी फरक एकाच दिशेने दिसला तर मी दुकानदाराला माल ठेवायला सांगेन.

खरीप_वाला: पाणी फवारलेली पट्टी ठीक आहे, शेतकरी तयार होतो. पण डेमोला खरेदीची अट का आहे तेही ऐका. डेमोसाठी दिलेल्या बाटल्या काउंटरवर विकल्या गेलेल्या मी पाहिल्यात. शिवाय माणूस, गाडी, चार फेऱ्या हा खर्च आमच्यासारख्याला पेलत नाही. एक लाखाचा माल उचलणारा दुकानदार तरी डेमोकडे लक्ष देतो.

वीस_गुंठे: बाटल्या दुकानात ठेवूच नका. तुमच्या माणसाने फवारणीच्या दिवशी घेऊन जाव्यात आणि रिकाम्या परत आणाव्यात. आणि यंदा डेमो, पुढच्या खरिपाला माल असं करा. तेव्हा तुमच्याकडे याच तालुक्यातली वजनं असतील.

खरीप_वाला: एक पूर्ण हंगाम विक्रीशिवाय? पगार कुठून देऊ?

रोखठोक_वाशीम: इथे मी कंपनीच्या बाजूने. वर्षभर थांबलात तर रॅकवर दुसऱ्याचा अर्क बसतो, मग वजनं दाखवूनही जागा मिळत नाही. एक लाखाची अट काढा, पण थोडा माल ठेवायला सांगा.

वीस_गुंठे: आणि डेमोत फरक दिसला नाही तर? तो थोडा माल विकताना दुकानदार काय सांगणार?

खरीप_वाला: तो माल परत घेऊ. उगम प्रमाणपत्र, पाण्याची पट्टी आणि मंडपाचं बिल आजच मेलमध्ये घालतो. 30 नोव्हेंबरला मालक हो म्हणतील असं वाटत नाही. फार तर 15 ऑक्टोबर.

काउंटर_लातूर: 15 ऑक्टोबरला आमच्याकडे मळण्या चालू असतात. मुदत तीच ठेवायची असेल तर 10 ऐवजी 3 पेट्या पाठवा. खपल्या की फोन करतो.