मदत हवी आहे: साबणीकरण उलटत नाही, मग एस्टरमधला ¹⁸O गेला कुठे?

अपूर्वा_आर
उद्या सेमिनार आहे, कृपया लवकर सांगा. आम्लातलं एस्टरचं हायड्रोलिसिस उलटं फिरतं, NaOH मधलं फिरत नाही, असं सगळीकडे लिहिलंय. पण १९५१ च्या बेंडरच्या प्रयोगात प्रक्रिया अर्धवट थांबवून न फुटलेला एस्टर परत काढला, तर त्यातला ¹⁸O कमी झालेला निघाला, आणि तोही अल्कलीतच! म्हणजे काहीतरी मागे फिरतंयच ना? नक्की काय खरं?

काळा_फळा
¹⁸O सुरुवातीला कुठे होता? C=O वर, अल्कोहोलकडच्या बाजूला, की पाण्यात? आणि एस्टर कोणता? हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

बुन्सेनचा_दिवा
सोपं आहे. NaOH हा H₂SO₄ सारखाच उत्प्रेरक. उत्प्रेरक समतोल बदलत नाही, म्हणजे साबणीकरणही उलटतं. पुस्तकांत चूक आहे.

अपूर्वा_आर
@काळा_फळा C=O वर, आणखी कुठे असणार? इथिल बेंझोएट. पाणी साधंच.

काळा_फळा
@बुन्सेनचा_दिवा, आम्लाबद्दल बरोबर आहे तुमचं, तिथे थोडंसं H₂SO₄ पुरतं आणि शेवटी तेवढंच उरतं. पण ०.१ मोल इथिल बेंझोएट पूर्ण फोडायला ०.१ मोल NaOH खर्च होतो. खर्च होतो त्याला उत्प्रेरक कसं म्हणायचं?

आता अपूर्वा. पहिली पायरी: OH⁻ कार्बोनिलच्या कार्बनवर येतो आणि चार हातांचा मधला टप्पा तयार होतो. त्यात एक O⁻ (तुझा ¹⁸O), एक OH (नवा, साधा) आणि एक OEt. प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर पाण्यामार्फत झटकन जातो. तो ¹⁸O वर गेला की दोघांच्या भूमिका बदलल्या. इथून दोन वाटा आहेत. OEt सुटला तर हायड्रोलिसिस झालं. ¹⁸OH⁻ सुटला तर पुन्हा इथिल बेंझोएटच मिळतं, फक्त लेबल गेलेलं. बेंडरला परत मिळालेला एस्टर हाच. म्हणजे पहिली पायरी उलटते.

न उलटणारी पायरी शेवटची आहे. OEt सुटल्यावर बेंझोइक आम्ल क्षणभरही तसं राहत नाही, त्याचा प्रोटॉन लगेच काढला जातो. आम्लाचा pKa ४.२, इथेनॉलचा १६ च्या आसपास. फरक जवळजवळ १२, म्हणजे त्या पायरीचा समतोल साधारण १०¹² पटीने पुढच्या बाजूला. शिवाय उरलेल्या बेंझोएटवर ऋणभार असतो, त्याच्यावर इथॉक्साइड हल्ला करू धजत नाही. आम्लात ही शेवटची ओढ नसते. म्हणून अॅसिटिक आम्ल आणि इथेनॉल सारख्या मोलमध्ये घेतले तर समतोलाला साधारण दोन तृतीयांशच एस्टर होतो, आणि भरपूर पाणी घातलं की तोच गाडा उलट दिशेने चालतो.

सुमन_एस
मी साबण करते. तेल आणि कॉस्टिक कितीही ढवळलं तरी कधीकधी पुन्हा दोन थर होतात. म्हणजे माझाही साबण उलट फिरतोय का?

काळा_फळा
नाही सुमनताई. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत म्हणून प्रक्रिया मुळात पुढे गेलेलीच नसते. थोडा साबण तयार झाला की तोच दोघांना एकत्र धरतो आणि मग वेग येतो. झालेला साबण मागे जात नाही.

रेणू_शोधक
यापेक्षा १९३४ चा पोलान्यी आणि स्झाबो यांचा प्रयोग सांग सेमिनारमध्ये. अमाइल अॅसिटेट, अल्कली आणि ¹⁸O असलेलं पाणी. अल्कोहोलमध्ये ¹⁸O आला नाही. मेकॅनिझम सिद्ध, बेंडरची गरजच नाही.

काळा_फळा
त्यातून एवढंच कळतं की बॉण्ड अॅसिल कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामधला तुटला, अल्कोहोलच्या कार्बनवर OH⁻ आला नाही. मधला टप्पा आहे की एका झटक्यात अदलाबदल होते, हे तो प्रयोग सांगूच शकत नाही, कारण दोन्हींत अल्कोहोल लेबलविनाच राहील. बेंडर त्यासाठीच लागतो. आणि टर्शरी ब्युटिल एस्टर आम्लात घेतला तर चित्रच बदलतं: तिथे सहसा टर्शरी ब्युटिल कॅटायन सुटतो, आणि पाण्यातला ¹⁸O अल्कोहोलमध्ये सापडतो. एकच नियम सगळ्या एस्टरना लावू नका.

रेणू_शोधक
बेंडरनेही काय सिद्ध होतं? मधला टप्पा बनतो हे मान्य. पण तो हायड्रोलिसिसच्या वाटेवरच आहे, की बाजूला बनून परत मोडतो आणि खरं फुटणं वेगळ्याच वाटेने होतं? लेबल दोन्हींत सारखंच जाईल.

काळा_फळा
हा आक्षेप योग्य आहे. फक्त लेबलवरून तो खोडता येत नाही. दोन वेगळ्या वाटा मानण्यापेक्षा एक मानणं सोपं, असं मी म्हणेन, पण तो युक्तिवाद झाला, पुरावा नव्हे.

अपूर्वा_आर
मग सेमिनारमध्ये "सिद्ध" म्हणू की "आधार मिळतो"? आणि प्रक्रिया अर्धवटच का थांबवायची?

बुन्सेनचा_दिवा
पूर्ण होऊ दिली तर तपासायला एस्टरच उरणार नाही. उत्प्रेरकाचं मात्र मी अजून बघतो. खर्च होणारा OH⁻ शेवटच्या पायरीत जातो, पहिल्या पायरीतला नाही, असं कोणी म्हटलं तर?