अणुबॅटरी की जनित्र? व्हॉयेजरच्या त्या डब्याला मराठीत काय म्हणायचं

भित्तीपत्रकवाली (टिळकवाडी)
शाळेच्या भित्तीपत्रकासाठी व्हॉयेजरवर लिहायलेय, सहावी-सातवीची पोरं वाचणार. त्या यानावर सोलर नाही, प्लुटोनियमवर चालणारे तीन डबे आहेत, त्याला आरटीजी म्हणतात. शब्दाला शब्द लावला तर 'किरणोत्सारी समस्थानिक औष्णिक विद्युत जनित्र' अशी मालगाडी होते, फलकावर एका ओळीत बसत नाही. म्हणून मी 'अणुबॅटरी' लिहिलं. आमच्या एका सरांनी त्यावर लाल पेन फिरवलं, 'जनित्र' लिहा म्हणाले. खरं जनित्र म्हटलं की पोरांना गणपती मंडपामागं धूर सोडत धडधडणारा जनरेटर दिसतो. काय लिहू?

निपाणीकर विनू
अणुबॅटरी एकदम करेक्ट. बारकी अणुभट्टीच की ओ ती, आत अणू फुटतात आणि करंट येतो. अर्धायुष्य ८८ वर्षं म्हणजे १७६ वर्षांनी पूर्ण संपणार. सेलसारखंच झालं, भरून दिला, वापरला, संपला.

वडगावची आक्का
सोलरचं काय सांगू नका बाई. आमच्या गच्चीवर ३ वर्षं झाली सोलर बसवून, जून ते ऑगस्ट पाणी कोमटसुद्धा होत नाही, शेवटी बंबच पेटवावा लागतो. तिकडं लांब कसलं चालतंय ते.

खानापूरचे मास्तर
आक्का, तुमचा तो पाणी तापवायचा सोलर, करंट करणारं पॅनल वेगळं. आपल्याकडं दोन्हीला नुसतं 'सोलर' म्हणतात त्यामुळं घोळ होतो. खरं बंबाचं नाव काढलात ते बरं केलात, हा डबा बंबाचाच भाऊ आहे.

विनू, अर्धं बरोबर आहे तुझं. 'अणू' बरोबर, 'भट्टी' चूक. भट्टीत एक अणू फुटला की तो दुसऱ्याला फोडतो, ती साखळी आपण कमीजास्त करू शकतो. इथं साखळी नाहीच. प्लुटोनियम-२३८ आपलं आपण अल्फा कण बाहेर टाकत झिजतं आणि त्या झिजण्यानं स्वतःच गरम होतं. बॉम्बवालं २३९, हे ते नव्हे. बंबात मधल्या नळीत निखारा आणि भोवती पाणी असतं, इथं मधे गरम गोळ्या आणि भोवती थर्मोकपल. बाहेरच्या अंगाला पंख असतात, ते थंड अवकाशाकडं तोंड करून असतात. एक टोक तापलेलं, एक गार, की करंट आला. फिरणारा भाग एकही नाही.

थर्मोकपल म्हणजे काय ते आम्ही वर्गात करून दाखवायचो. तांब्याची तार आणि लोखंडाची तार, टोकं पिळून जोडायची, एक पीळ मेणबत्तीवर धरायचा, दुसरा गार पाण्याच्या वाटीत आणि मधे गॅल्व्हानोमीटर. काटा जरासाच हलायचा पण हलायचा, मागच्या बाकावरची पोरं उठून पुढं यायची. मेणबत्ती काढली की काटा सावकाश परत. व्हॉयेजरमध्ये तांबं-लोखंड नाही, सिलिकॉन-जर्मेनियम आहे, तत्त्व तेच.

भित्तीपत्रकवाली
मग मास्तर, बॅटरी म्हणायला काय हरकत? साठा आहे, तो हळूहळू संपतो.

खानापूरचे मास्तर
हरकत अशी की बॅटरी तुम्ही वापरली नाही तर शिल्लक राहते. हा डबा वापरा न वापरा, ज्या दिवशी गोळी तयार झाली त्या दिवसापासून झिजायलाय. स्विच नाही. यान झोपवलं तरी तो चालूच, नको असलेली वीज उष्णता करून बाहेर घालवावी लागते.

आणि मंगळावरचा क्युरिऑसिटी बघा, तिथं दोन्ही वस्तू एकाच गाडीवर आहेत. डब्यात ४.८ किलो प्लुटोनियम ऑक्साइड, त्याची उष्णता २००० वॉटच्या आसपास आणि वीज सुरुवातीला फक्त ११० वॉट. म्हणजे शंभरातले पाच-सहाच हाती लागले. खरं उरलेली उष्णता वाया जात नाही, पाइपातून द्रव फिरवून त्याच उष्णतेनं गाडीचं पोट उबदार ठेवतात. चाकं आणि ड्रिल एकदम चालवायला ११० वॉट पुरत नाहीत, म्हणून शेजारी लिथियमची खरीखुरी बॅटरी आहे. रात्रभर डबा तिला भरतो, दिवसा गाडी ती खर्च करते. आता डब्यालाही बॅटरी म्हटलं तर 'बॅटरी बॅटरीला चार्ज करते' असं लिहावं लागेल, पोरं हसतील.

निपाणीकर विनू
बरं हरलो. १७६ तरी बरोबर ना?

खानापूरचे मास्तर
नाही रे. ८७.७ वर्षांनी निम्मं, आणखी तेवढ्यांनी त्या निम्म्याचं निम्मं, म्हणजे पाव. अर्धी भाकरी खाल्ली, उरलेल्याच्या अर्धी, असं चालू राहतं. 'अर्धायुष्य' शब्दच फसवा, ऐकलं की माणूस दुप्पट करून मोकळा होतो. मी 'निम्मा होण्याचा काळ' असं सांगायचो, परीक्षेत मात्र अर्धायुष्यच लिहायला लावायचो.

शहापूरकर
मास्तर, एक शंका. व्हॉयेजर १९७७ ला सुटलं तेव्हा ४७० वॉट होते आणि २०११ मध्ये सुमारे २६८ उरले होते. ३४ वर्षांत ८७.७ च्या हिशोबानं मी कॅल्क्युलेटरवर काढलं तर ७६ टक्के राहायला पाहिजेत, म्हणजे ३५९. मधले ९० वॉट गेले कुठं? प्लुटोनियम जास्त जोरात झिजलं काय?

खानापूरचे मास्तर
प्लुटोनियम नियमानंच झिजलं, त्याला घाई नाही. थर्मोकपल थकले. इतकी वर्षं एक टोक तापलेलं ठेवून बसलं की त्या पदार्थात बदल होतात, जोड बिघडतात. वर गोळी गार होत गेली की दोन टोकांतला फरकही कमी होतो. निखारा विझायलाय आणि बंबालाही कीट चढायलंय, असं दुहेरी. म्हणून वर्षाला ४ वॉटच्या आसपास जातात आणि नासा एकेक उपकरण, हीटर बंद करत बसलंय. 'अर्धायुष्य' इंधनाचं असतं, डब्याचं नव्हे, हे पण लिहा ताई.

शहापूरकर
मग गुरूवर ते जुनो यान सोलरवर कसं चालतंय? तिथं ऊन कुठलं?

खानापूरचे मास्तर
ऊन आहे, पातळ आहे. गुरू सूर्यापासून आपल्या ५.२ पट लांब, ५.२ गुणिले ५.२ म्हणजे २७, तर ऊन २७ व्या हिश्शाचं. जुनोची पॅनलं पृथ्वीजवळ १४ किलोवॉट देऊ शकतात, भागिले २७ करा, ५०० च्या घरात येतं आणि तितकंच मिळतं. त्यासाठी सुमारे ९ मीटर लांबीचे तीन पंख लावावे लागले. तीच पॅनलं शनीला नेली तर ९० नं भागायचं, दीडशेच वॉट. तिथं गेलेल्या कॅसिनी यानाला डबेच होते.

खडी रोडवाला
आमच्या मळ्यात पंपाची पॅनलं आहेत, रोडवरनं टिप्पर गेले की लाल थर. आठवड्यातनं दोनदा फडकं मारतो. मंगळावर फडकं कोण मारणार? २०१८ च्या धुळीच्या वादळात तो जुना सोलरवाला रोव्हर गप्प झाला तो झालाच.

खानापूरचे मास्तर
ऑपॉर्च्युनिटी. त्याच वादळात क्युरिऑसिटी काम करत होता.

कन्नड मीडियमवाला
आम्हाला शाळेत 'विकिरणशील' होतं, तुमचं 'किरणोत्सारी'. माझ्या कानाला विकिरणशील हलकं वाटतं. आणि समस्थानिक म्हणजे कुठल्या स्थानाचं ओ?

खानापूरचे मास्तर
आवर्तसारणीतल्या. २३८ आणि २३९ वजनानं वेगळे, खरं दोघांची चौकट एकच.

भित्तीपत्रकवाली
मी आता 'प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारं जनित्र' लिहिलं. सर म्हणाले 'किरणोत्सारी' घालाच. घातलं तर परत दुसऱ्या ओळीवर जातंय.

निपाणीकर विनू
मी तर अणुबॅटरीच म्हणणार, सगळ्यांना कळतंय.