मदत हवी: गोळी बंद केल्यावर ॲसिडिटी आधीपेक्षा जास्त?

शमिका: पित्तासाठी डॉक्टरांनी दोन महिने पँटोप्राझोल ४० दिली होती. बरं वाटल्यावर त्यांनीच बंद करायला सांगितली. दोन दिवस काहीच झालं नाही, तिसऱ्या दिवसापासून मात्र छातीत जी आग आग होतेय, तेवढी गोळी सुरू करायच्या आधीही नव्हती. काल रात्री उशाला टेकून बसून राहिले. मूळ दुखणं बळावलंय का? परत सुरू करू?

खडूसकाका: सवय लागली, दुसरं काय! या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. मी चघळायच्या अँटासिडवर भागवतो, त्यात ही भानगड नाही.

अनुजा_व: काका, निम्मं बरोबर. ही नशेसारखी सवय नव्हे. जठरात आम्ल पुरेसं असलं की गॅस्ट्रिन या हार्मोनला लगाम बसतो. गोळीने आम्ल घटतं, लगाम सुटतो आणि गॅस्ट्रिन वाढत राहतं. त्यामुळे आम्ल तयार करायला लावणाऱ्या पेशीही जोमात येतात, पण गोळी चालू असेपर्यंत ते कळत नाही. जठरात आम्ल सोडणारे जे पंप गोळीने निकामी केले, त्यांच्या जागी नवे यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून शमिकाताईंचे पहिले दोन दिवस शांत गेले. मग ही वाढलेली फौज एकदम कामाला लागली.

डेन्मार्कमध्ये २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताचा त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन बंद केली, तर पुढच्या चार आठवड्यांत ४४ टक्के जणांना त्रास झाला. फक्त खोटी गोळी घेणाऱ्यांत १५ टक्के. म्हणजे त्रास परतला म्हणून मूळ रोग परतला, असं लगेच धरू नका.

आणि काका, कॅल्शियम कार्बोनेटवाल्या अँटासिडनेही गॅस्ट्रिन वाढतं बरं. उसळी छोटी असते, एवढंच.

रानवारा: मला तर गोळी चालू असूनच जळजळ होते. जेवल्यावर घेतो.

अनुजा_व: तो वेगळा प्रश्न आहे. जेवणाआधी अर्धा तास घेऊन बघा, तरी फरक नाही पडला तर डॉक्टरांना सांगा.

शमिका: मग मी नुसती कळ काढू? किती दिवस?

अनुजा_व: बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं, कधी दोन महिनेही लागतात. तोवर जळजळ होईल तेव्हाच अँटासिड किंवा फॅमोटिडीन चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. गिळताना अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नका.

मेडिकलवाला: माझ्या मते एकदम बंद करणंच चुकलं. आधी ४० ची २० करायची, मग एकाआड एक दिवस.

अनुजा_व: डॉक्टर दोन्ही पद्धती वापरतात. हळूहळू कमी केल्याने उसळी टळतेच, असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. आणि ज्यांना अन्ननलिकेत मोठ्या जखमा आहेत किंवा जे ॲस्पिरिनमुळे पोटाच्या संरक्षणासाठी ही घेतात, त्यांनी हे वाचून गोळी सोडू नये.

शमिका: मला सांधेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक लागते. ते डॉक्टरांना सांगायचं राहिलंय.

अनुजा_व: तीही ॲस्पिरिनसारखी पोटाला इजा करू शकते. मग पुढची डायक्लोफेनॅक घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.