मार्चअखेरचे व्हेरियन्स: विकलेल्या मालाच्या खर्चात टाकले, की साठ्यावर वाटले? आपले अनुभव लिहा

धागाकर्ता, चाकण (फोर्जिंग कारखान्यात कॉस्ट विभाग)

आमच्याकडे अनेक वर्षे एकच रीत होती. ३१ मार्चला व्हेरियन्सच्या खात्यांत जी शिल्लक असेल ती सगळी विकलेल्या मालाच्या खर्चात टाकायची आणि पुस्तके बंद करायची. एका वर्षी पोलाद महागले आणि ही रीत ऑडिटरांनी मोडायला लावली. आकडे सोपे करून मांडतो.

पोलादाचा स्टँडर्ड दर टनाला ६०,००० रुपये होता आणि प्रत्यक्षात ६६,००० पडला. खरेदी १,००० टनांची, म्हणजे दराचा प्रतिकूल व्हेरियन्स ६० लाखांचा झाला. वर्षअखेरीस २०० टन पोलाद स्टोअरमध्ये पडून होते. उरलेले ८०० टन शॉपला दिले, पण झालेल्या उत्पादनाला स्टँडर्डप्रमाणे ७८० टनच लागायला हवे होते. त्यामुळे वापराचा व्हेरियन्स २० टनांचा, म्हणजे १२ लाखांचा निघाला. त्या ७८० टनांपैकी ५० टन प्रक्रियेतल्या मालात, १३० टन तयार मालात आणि ६०० टन विकलेल्या मालात होते.

जुन्या रीतीने ७२ लाख थेट नफ्यातून गेले असते. ऑडिटरांचा प्रश्न एवढाच होता की, ज्या साठ्यासाठी आपण टनाला ६६,००० मोजले आहेत तो ताळेबंदात ६०,००० ने कसा दाखवता येईल? इंड एएस २ स्टँडर्ड कॉस्टला परवानगी देते, पण सोय म्हणून, आणि तीही ती प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपास असेल तरच. टनाला दहा टक्क्यांचा फरक जवळपास म्हणता येत नाही.

वाटप करताना पहिल्या प्रयत्नात मी चूक केली. दोन्ही व्हेरियन्सची बेरीज करून ती साठ्याच्या आणि विक्रीच्या शिलकांच्या प्रमाणात वाटून टाकली. त्यामुळे स्टोअरमधल्या पोलादावर वापराचा व्हेरियन्सही चढला, जे पोलाद अजून फर्नेसपर्यंत पोचलेलेच नव्हते. बरोबर क्रम असा की, दराचे ६० लाख आधी टनाला ६,००० प्रमाणे जिथे जिथे पोलाद गेले तिथे वाटायचे: स्टोअरवर १२ लाख, प्रक्रियेतल्या मालावर ३, तयार मालावर ७.८, विकलेल्या मालावर ३६ आणि उरलेले १.२ लाख वापराच्या व्हेरियन्सवर. मग तो व्हेरियन्स १३.२ लाखांचा होतो. त्यातले १५ टन डाय फुटल्यामुळे वाया गेले होते. ते ९.९ लाख असाधारण नुकसान म्हणून थेट खर्चात गेले आणि बाकीचे ३.३ लाख स्टोअर वगळून ७८० टनांवर वाटले. शेवटी साठ्यावर सुमारे २३.५६ लाख चढले आणि नफ्यावरचा भार ७२ ऐवजी सुमारे ४८.४४ लाख झाला.

आपापल्या ठिकाणी काय करता आणि कुठे अडलात, ते लिहावे.

नाशिकहून, ऑडिट फर्ममध्ये काम करणारी

आमच्या फर्ममध्ये सरळ नियम आहे. व्हेरियन्स एकूण उत्पादनखर्चाच्या ५ टक्क्यांच्या आत असेल, तर वाटपाच्या भानगडीत न पडता तो विकलेल्या मालाच्या खर्चात टाकायचा. मानकाचीच मर्यादा आहे ती. बहुतेक कारखान्यांत साठा कमी दिवसांचा असतो, त्यामुळे दोन्ही रीतींनी उत्तर जवळपास तेच येते.

कोल्हापूरहून, फाउंड्रीमालक

आमचा व्हेरियन्स दर वर्षी येतो आणि तो साठ्यावर वाटायचा प्रश्नच येत नाही. मार्चमध्ये प्रत्यक्ष मोजणी केली की पिग आयर्न पुस्तकापेक्षा दोन-तीन टन कमीच भरते. मी ते नुकसान म्हणून लिहून टाकतो. जो माल जागेवर नाही, त्याचा खर्च उरलेल्या मालावर कसा चढवणार?

पुण्याहून, निवृत्त कॉस्ट अकाउंटंट

कोल्हापूरच्या मित्रांनी सांगितली ती मोजणीतली तूट आहे. तिचा निकाल मोजणीच्या वेळीच लागतो आणि धाग्यातला प्रश्न त्यानंतर सुरू होतो. मात्र त्यांचे शेवटचे वाक्य असाधारण नुकसानाला अगदी लागू पडते.

नाशिकच्या ताईंचे निम्मे बरोबर आहे. साठा थोडा असेल तर फरक नगण्य राहतो, हे खरे. पण ५ टक्क्यांची रेघ मानकात कुठेही नाही. शिवाय तुलना एकूण खर्चाशी करायची नसते. किती रक्कम साठ्यावर बसेल आणि तिने साठा व नफा किती हलतो, ते पाहायचे असते. नफा पातळ असलेल्या कारखान्यात खर्चाचे दोन टक्केही नफ्याचा निम्मा भाग असू शकतात.

माझा स्वतःचा अनुभव स्थिर उपरिव्ययाच्या व्हेरियन्सचा आहे. आमच्या एका वर्षी नेहमीची क्षमता १० लाख नगांची होती, स्थिर खर्च ५ कोटी, म्हणजे नगाला ५० रुपये. मागणी पडल्याने ७ लाखच नग झाले आणि १.५ कोटी शोषलेच गेले नाहीत. वरिष्ठांची इच्छा होती की तेही वाटावेत, म्हणजे गोदामातला माल महाग दिसेल आणि वाईट वर्ष थोडे बरे दिसेल. ते करता येत नाही. रिकाम्या यंत्रांचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून जातो. उलट, उत्पादन असाधारण वाढून १२ लाखांवर गेले असते, तर नगाचा दर खाली आणावाच लागला असता, नाहीतर साठा खऱ्या खर्चाच्या वर राहिला असता.

अनुकूल व्हेरियन्सबाबत मी बऱ्याच जणांना सोयीस्कर विसरताना पाहिले आहे. माल स्वस्त पडला असताना तो सगळा फायदा विकलेल्या मालाच्या खर्चातून वजा केला, की नफा आजच फुगतो आणि साठा जास्त दराने राहतो. प्रतिकूल असेल तर वाटायचे आणि अनुकूल असेल तर नफ्यात घ्यायचे, हे ज्या कारखान्यात दोन वर्षे लागोपाठ दिसेल, तिथे माझ्या मते रीत नाही, इच्छा काम करते आहे.

छत्रपती संभाजीनगरहून, प्लांट फायनान्स

वाटप झाले तरी गोष्ट संपत नाही, हे मी पोळल्यावर शिकलो. आम्ही साठ्यावरची रक्कम एका वेगळ्या समायोजन खात्यात ठेवली होती. १ एप्रिलला नवे स्टँडर्ड एसएपीमध्ये CK24 ने रिलीज केले, आणि सिस्टिमने जुना साठा आपोआप नव्या दराने वाढवून फरक पुनर्मूल्यनाच्या खात्यात जमा केला. धागाकर्त्यांच्या आकड्यांत सांगायचे, तर ३८० टन गुणिले ६,००० म्हणजे २२.८ लाख साठ्यात आधीच आले होते आणि समायोजन खात्यातले २३.५६ लाखही तसेच उभे होते. दर एकदाच वाढला होता, साठा मात्र दोनदा वाढला आणि पुनर्मूल्यनाचा "फायदा" पहिल्या तिमाहीच्या नफ्यात शिरला. जूनमध्ये ग्रॉस मार्जिन अचानक सुधारलेले दिसले आणि विक्रीच्या दरात त्याचे काहीच कारण सापडेना, तेव्हा शोध लागला. आता पुनर्मूल्यनाची जमा आम्ही समायोजन खात्याशीच वळती करतो. उरलेली बाकी तो साठा विकला जाईल तसतशी खर्चात सोडतो.

फोंड्याहून, औषध कंपनीत

मला एक शंका आहे. टनाला ६,००० ही वर्षाची सरासरी आहे. दर जानेवारीनंतरच चढला असेल, तर स्टोअरमधले २०० टन शेवटच्या खरेदीचे, कदाचित ७०,००० च्या दराचे असतील. फिफो धोरण असताना सरासरीने वाटले तर साठा पुन्हा कमीच दाखवला जात नाही का?

धागाकर्ता

आमचे धोरण भारित सरासरीचे आहे, म्हणून आमच्याकडे ते चालले. फिफो असेल तर निदान स्टोअरमधल्या मालाला शेवटच्या बिलांचे दर लावून उरलेलाच व्हेरियन्स पुढे वाटावा, असे मला वाटते. तयार मालात कोणत्या महिन्याचे पोलाद आहे, हे हीट नंबरवरून शोधता येईल. पण ते दर मार्चला करण्याइतके मनुष्यबळ आमच्याकडे नाही. कोणी प्रत्यक्ष केले असेल तर लिहावे.

पुण्याहून, निवृत्त कॉस्ट अकाउंटंट

आम्ही शेवटच्या तिमाहीचा व्हेरियन्स वेगळा काढून तोच साठ्यावर वाटत असू. साठा साधारण दोन महिन्यांचा असल्याने ते ऑडिटरांना पटले. सहा महिने पडून राहणाऱ्या मालाला ते पटले नसते. आणखी एक: प्रतिकूल व्हेरियन्स चढवल्यावर तयार मालाची किंमत निव्वळ विक्रीमूल्याच्या वर जात नाही ना, हे पाहूनच कागद पुढे पाठवावा. एकदा आम्ही ८ लाख साठ्यावर चढवले आणि त्यातले ५ त्याच दिवशी परत खाली उतरवावे लागले.